मंगळागौरीच्या खेळांसाठी नऊवारी कशी नेसायची: फोटोंतून केलेल्या तुलनेच्या नोंदी

शनिवार, 28 जून 2025

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, 5 ऑगस्टला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौर आहे. आम्ही दहा जणी पंचवीस मिनिटं खेळ करणार. सगळ्यात धाकटी सत्तावीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू एकसष्ट वर्षांच्या. साड्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी फुगडी ऐन रंगात असताना दोघींचे काष्टे सुटले आणि त्यांना खेळ सोडून आत जावं लागलं. ते मला फार लागलं होतं. म्हणून या वेळी नेसण आधी पारखून ठरवायची.

चार नेसणी निवडल्या आहेत. पहिली पेशवाई नऊवारी. दुसरी लावणीसारखी, पायांना चापून बसवलेली. तिसरी शिंप्याकडून शिवून घेतलेली नऊवारी. चौथी सहावारीलाच काष्टा घालून केलेली. प्रत्येकीत बघायच्या गोष्टी तीन: निऱ्या किती नीट राहतात, पदर कसा पडतो आणि खेळताना अंग मोकळं राहतं का.

आज चौघींनी आपापल्या घरी नेसून फोटो पाठवले. दीड तास ते बघत बसले आणि हाती काही लागलं नाही. एकीचा फोटो आरशातला होता, एकीचा छातीच्या उंचीवरून, एकीचा मुलाने जमिनीवर बसून काढलेला. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या एका फोटोत तर पदर उजव्या खांद्यावर दिसत होता. मी तिला फोन करून विचारलं, तर पदर डावीकडेच होता, फोटो उलटा आला होता. शिवाय एकीची साडी इरकल, दुसरीची सिल्क, तिसरीची सिंथेटिक. निऱ्या नीट दिसतात त्या नेसणीमुळे की कापडामुळे, हे सांगणंच शक्य नव्हतं.

रविवार, 29 जून

फोटो काढायची पद्धत ठरवली. ज्यांना हा खटाटोप करायचा असेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी, म्हणजे आमचा जो वेळ गेला तो तुमचा वाचेल.

कापड सगळ्या नेसणींना एकच: सुती, बारीक चौकड्यांचं; सहावारी सोडून बाकी नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मी आणलेल्या पहिल्या दोन साड्यांपैकी एक साडेसात मीटरच निघाली. पिशवीवर नऊवारी असंच छापलेलं होतं. दुकानदाराने बदलून दिली, पण जाण्यायेण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

फोन स्टुलावर, कमरेच्या उंचीला. उभं राहायची जागा दहा फुटांवर, फरशीवर रंगीत चिकटपट्टीने पावलं आखलेली. फोन जवळ ठेवला की फोटोच्या कडा ताणल्या जातात आणि टोकाच्या निऱ्या मधल्या निऱ्यांपेक्षा रुंद दिसतात. म्हणून लांब ठेवून दुप्पट झूम. दाराच्या चौकटीला सुतळीने वजन बांधून ओळंबा टांगला. तो फोटोत आला की निरी सरळ आहे की कलली आहे, हे डोळ्यांना लगेच कळतं.

उजेड खिडकीतून, एका बाजूने. फ्लॅश अजिबात नाही. समोरून फ्लॅश पडला की निऱ्यांमधल्या सावल्या पुसल्या जातात आणि गबाळी निरीसुद्धा इस्त्री केल्यासारखी दिसते.

शनिवार, 5 जुलै

चारही नेसणी एकाच मैत्रिणीला नेसवल्या आणि उभ्याने फोटो घेतले: समोरून, मागून, डाव्या अंगाने. दुसऱ्या नेसणीनंतर लक्षात आलं की पहिलीच्या घड्या कापडावर राहिल्यात आणि दुसरीच्या निऱ्या त्याच जुन्या रेषांवर मोडतायत. मग प्रत्येक वेळी इस्त्री. दुपारी दोनला सुरू केलेलं काम साडेसातला संपलं.

उभ्या फोटोंचा निकाल असा. शिवलेली पहिली, कारण तिच्या निऱ्या टाक्यांनी धरलेल्या आहेत, सगळ्या चार बोटं रुंद, तळाचे काठ एकावर एक जिन्याच्या पायऱ्यांसारखे. लावणीची दुसरी. पेशवाई तिसरी: तिच्या सात निऱ्यांपैकी आतल्या दोन ओळंब्यापासून डावीकडे झुकलेल्या. सहावारीचा काष्टा शेवटी. साडेपाच मीटरमध्ये पाय झाकून, पदर काढून, निऱ्यांना उरतं तरी किती? जेमतेम तीन निऱ्या झाल्या आणि उंच मैत्रिणीच्या पोटऱ्या उघड्या पडल्या. सहावारीचा विचार इथेच थांबवला.

आज हेच फोटो ग्रुपवर टाकले असते तर सगळ्यांनी शिवलेली निवडली असती. माझाही कल तिकडेच होता. पण या फोटोत कुणी खेळत नाहीये.

शनिवार, 12 जुलै

आज खेळून बघितलं. सहा मिनिटांचा ठरावीक क्रम लावला: झिम्मा, उभी फुगडी, बसफुगडी, कोंबडा, पिंगा. आधी फोटो, मध्ये बसफुगडीच्या बैठकीत एक फोटो आणि संपल्यावर, काहीही सावरायच्या आत, आखलेल्या पावलांवर उभं राहून पुन्हा फोटो. सावरायच्या आत हे महत्त्वाचं. बायकांचा हात आपोआप कमरेकडे जातो आणि पुरावा नाहीसा होतो. मला तिघींना "हात वर!" म्हणून ओरडावं लागलं.

शिवलेली बसफुगडीत फाटली. आसनाची शिवण एक वीतभर उसवली. फोटोत इतकी देखणी दिसलेली ती हीच. शिंप्याने ती सलवारीसारखी शिवली आहे, पण दोन पायांच्या मध्ये कळी घातलेली नाही, त्यामुळे खाली बसल्यावर कापडाला जायला जागाच नाही. शिलाईचे आठशे रुपये गेलेच, आणि साडी कापलेली असल्यामुळे ती आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने नेसताही येणार नाही.

लावणीची नेसण सुटली नाही. फिरायला ती उत्तम. पण बसफुगडीत मैत्रीण म्हणाली, "गुडघ्याच्या मागे कापतंय गं." ती नेसण उभ्याने नाचायला आणि ठेक्यावर पाय मारायला बसवलेली आहे. तिथे पायाशी सैल कापड नको असतं. आमच्या खेळांमध्ये निम्मा वेळ उकिडवं बसणं आहे. वर आमच्यातल्या दोघी म्हणाल्या की घरच्या मोठ्यांसमोर इतकी चापून नेसलेली साडी त्यांना नको वाटते. तेही मी मोकळेपणातच धरते.

पेशवाईत पदर टिकला, पण निऱ्या गेल्या. खेळण्यापूर्वी तळाचा काठ जमिनीपासून तीन सेंटीमीटर वर होता. खेळून झाल्यावर तो जमिनीला टेकला होता आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली आला होता. मागचा काष्टाही अर्धा बाहेर. म्हणजे गेल्या वर्षीचीच गोष्ट.

रविवार, 13 जुलै

काल रात्री पेशवाईचे तीन फोटो एकाखाली एक लावून बघत बसले. बसफुगडीतल्या फोटोत एक गोष्ट दिसली. बेंबीपाशी, जिथे निऱ्यांचा ओचा खोचलेला आहे, तिथून तिरप्या ताणाच्या चुण्या निघून दोन्ही मांड्यांच्या मधून खाली गेल्या होत्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या ताठ. उभ्या फोटोत त्या नव्हत्या.

पेशवाईत निऱ्या समोर खोचून झाल्यावर त्यांच्या आतल्या बाजूचा खालचा काठ पायांमधून मागे नेतात आणि बारीक चुण्या घालून कमरेत खोचतात. म्हणजे पुढची खोच आणि मागची खोच एकाच कापडाने बांधलेली असते. आपण उकिडवं बसलो की पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंतचं अंतर वाढतं. कापड तेवढंच. मग ते कुठून तरी ओढलं जाणार: पुढून ओढलं तर निऱ्या खाली उतरतात, मागून ओढलं तर काष्टा सुटतो. आमच्याकडे दोन्ही झालं.

मी पहिला उपाय केला तो चुकीचा. काष्ट्याला मागे दोन सेफ्टी पिना लावल्या, थेट लेगिंगमध्ये. पिना निघाल्या नाहीत, पण दोन मिनिटांत लेगिंगला भोकं पडली आणि सगळा ताण पुढे आल्यामुळे ओचा पूर्ण बाहेर आला. कारण न काढता फक्त एक टोक बांधलं की दुसरं टोक जातं.

शनिवार, 19 जुलै

आज काकूंनी स्वतःची साडी स्वतः नेसली. त्यांच्या आईच्या घरी रोज लुगडंच असायचं, त्यांचा हात त्यात बसलेला आहे. मी दर टप्प्याला फोटो घेत होते. त्या बोलत काहीच नव्हत्या, भराभर नेसत होत्या. अकरा मिनिटांत साडी नेसून झाली.

घरी येऊन त्यांचे फोटो आणि आमचे 12 तारखेचे फोटो शेजारी लावले. काष्टा खोचतानाच्या आमच्या प्रत्येक फोटोत नेसणारी पाय जुळवून, ताठ उभी आहे. काकूंच्या फोटोत पाय एकमेकांपासून दीड हात लांब ठेवलेले आहेत आणि गुडघे वाकलेले. त्या जवळजवळ घोड्यावर बसल्यासारख्या उभ्या राहून मागे हात नेतायत.

लगेच फोन केला. म्हणाल्या, "अगं, उभ्याने खोचलास तर उभंच राहावं लागतं. बसायचंय ना? मग बसून खोच." ही गोष्ट त्यांना सांगण्यासारखी वाटलीच नव्हती, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

रविवार, 20 जुलै

त्याच मैत्रिणीला, त्याच साडीत, तशीच नेसवली. फरक एवढाच की काष्टा खोचताना तिला पाय फाकवून गुडघे वाकवायला लावले. टेपने मोजलं तर पायांमधल्या कापडाला पहिल्यापेक्षा नऊ सेंटीमीटर जास्त सैलपणा मिळाला.

दुसरी सुधारणा कमरेला. लेगिंगचं कापड गुळगुळीत असतं, त्यात खोचलेलं कापड घसरतं. म्हणून लेगिंगवर, बेंबीच्या किंचित खाली, साधा सुती नाडा आवळून बांधला आणि सगळ्या खोचा नाड्याच्या आत घेतल्या. खोच आधी तीन बोटं होती, ती आता पाच बोटं खोल.

सहा मिनिटं खेळून तळाचा काठ तीनाऐवजी दोन सेंटीमीटरवर. काष्टा जागच्या जागी. बसफुगडीच्या फोटोत त्या तंबूच्या दोऱ्या नाहीत.

आता जी गोष्ट मला सगळ्यांना नीट सांगायची आहे ती अशी. या नेसणीचा उभ्याने काढलेला मागचा फोटो आधीच्यापेक्षा वाईट दिसतो. बैठकीखाली कापडाचा एक झोल लोंबतो, तळहाताएवढा. 5 जुलैला मी हाच झोल दोष धरून गुण कापले असते. त्या झोलातच बसायची जागा साठवलेली आहे. ग्रुपवर फोटो टाकल्यावर पहिला निरोप आला, "मागून सैल वाटतंय, ओढून घ्या." मी बसफुगडीचा फोटो पाठवला आणि खाली ताणाच्या चुण्यांचा जुना फोटो. मग कुणी ओढायला सांगितलं नाही.

आतल्या दोन निऱ्या कलण्याचं कारणही सापडलं. आम्ही निऱ्या उजवीकडून डावीकडे घालत जातो आणि शेवटच्या निऱ्यांपर्यंत हात थकून वर उचलला जातो. खोचण्याआधी एकीने खाली बसून तळाचे काठ एकत्र धरायचे आणि ओळंब्याबरोबर खाली ओढून घ्यायचे. दुसऱ्या माणसाचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शनिवार, 26 जुलै

आजचा दिवस पदराचा. तीन तऱ्हा करून बघितल्या.

मोकळा सोडलेला पदर फोटोत सगळ्यात सुंदर. डाव्या हातावरून ओघळतो, जरीचा काठ पूर्ण दिसतो. पण उभ्या फुगडीत हात एकमेकींत गुंफलेले असतात. गिरकीबरोबर जड पदर बाहेर फेकला जातो आणि समोरचीच्या मनगटाला गुंडाळतो. झिम्म्याचे फोटो बघितले तर दहापैकी सहा फोटोंत डावा हात पदर सावरण्यात अडकलेला. ही तऱ्हा रद्द.

चार बोटांच्या घड्या घालून खांद्यावर पिन लावलेला पदर बरा राहिला, पण मी पिन खांद्याच्या माथ्यावर, हात खाली असताना लावली. टाळीसाठी हात वर गेला, पदर ताणला आणि पिनेने काठाजवळ दोन सेंटीमीटरचा फाटा काढला. साडी एका वहिनींची होती. मला फार वाईट वाटलं. रफूचे दीडशे रुपये मी दिले, पण जरीत रफू लपत नाही.

त्यानंतर पिन कुठे लावायची ते ठरलं. आधी डावा हात पूर्ण वर करायचा, पदर जेवढा वर सरकेल तेवढा सरकू द्यायचा, मग हात खाली आणून खांद्याच्या मागच्या बाजूला, ब्लाउजच्या शिवणीवर पिन. पिनेत आधी एक मणी ओवायचा, म्हणजे पिनेच्या वेटोळ्यात कापड अडकत नाही.

तिसरी तऱ्हा, पदर पाठीवरून उजव्या कमरेशी आणून पुढे नाड्यात खोचलेला. हीच ठेवली. पाठीमागचा फोटो बघून ती तपासता येते: पदराची डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एकच सलग कमान हवी. पाठीच्या मधोमध टोकदार चुण्या दिसल्या तर पदर आखूड पडलाय, पुढे वाकलं की खांद्यावरून ओढेल. कमान कंबरेच्या खाली लोंबत असेल तर कोंबड्यात त्यावर पाय पडेल. आम्ही वाकून, पायाचे अंगठे धरून, मग कमरेची खोच पक्की करतो.

मंगळवार, 29 जुलै

आज नागपंचमी, सराव नाही. शिंप्याकडे जाऊन शिवलेल्या साडीला आसनात चौकोनी कळी बसवून आणली, दीडशे रुपये. एका ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना गुडघे वाकवून काष्टा खोचता येत नाही आणि त्या बसफुगडी खेळणारही नाहीत. ती साडी त्यांना. उरलेल्या नऊ जणी पेशवाई.

शनिवार, 2 ऑगस्ट

रंगीत तालीम. एकीला नेसवायला सरासरी चौदा मिनिटं लागली. नेसवणाऱ्या तिघी आहोत, म्हणजे प्रत्येकीकडे तीन जणी, पाऊण तास धरायचा. सुरुवातीला मी एकटीने सगळ्यांना नेसवायचं ठरवलं होतं. त्यात पहिलीची साडी शेवटचीच्या आधी दोन तास नेसलेली राहिली असती.

नव्या साडीच्या खळीने एकीच्या निऱ्या फुगून उभ्या राहत होत्या, समोरच्या फोटोत पोट पुढे आल्यासारखं दिसत होतं. तिला साडी एकदा पाण्यातून काढून, ओलसर असतानाच इस्त्री करायला सांगितलं आहे.

बुधवार, 6 ऑगस्ट

काल खेळ झाले. पंचवीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं चालले, कारण बघायला आलेल्या बायकाही रिंगणात उतरल्या.

खेळ संपल्या संपल्या, हात वर करायला लावून, दहाही जणींचे समोरून आणि मागून फोटो घेतले. नऊ पेशवाईंपैकी आठींचे काष्टे जागेवर. नववीचा चार बोटं बाहेर आला होता. तिचा नेसतानाचा फोटो शोधला: खोच नाड्यात नाही, नाड्याच्या बाहेर लेगिंगमध्ये गेलेली दिसते. तिला मीच नेसवलं होतं, शेवटच्या पाच मिनिटांत. निऱ्यांचा काठ सगळ्यात जास्त उतरला तो काकूंच्या शेजारी खेळणाऱ्या वहिनींचा, तीन सेंटीमीटर, तरीही पायाखाली आला नाही. पदर एकीचाही सुटला नाही. दोन पिना वाकल्या, कापड एकही फाटलं नाही. ताईंच्या शिवलेल्या साडीची कळी टिकली, फक्त त्यांना कमरेला ती घट्ट वाटली. पुढच्या वेळी पट्ट्याऐवजी नाडा घालायला सांगेन.

एकूण खर्च साड्या सोडून: शिलाई आणि कळी मिळून साडेनऊशे, रफू दीडशे, नाडे, पिना आणि मणी एकशे वीस. उद्या सगळ्यांकडून नाडे गोळा करून धुवून ठेवायचे आहेत. मणी ओवलेल्या पिनांची डबी काकूंकडे दिली आहे, त्यांच्या नातीचं गॅदरिंग डिसेंबरात आहे.